दिव्याखालची चिठ्ठी

संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात वस्तू मांडलेली असते आणि तिच्या पायाशी एक चिठ्ठी असते. लोक वस्तूकडे क्षणभर पाहतात आणि चिठ्ठी वाचून पुढे सरकतात. म्हणजे वस्तूबद्दल जे काही माणूस घरी घेऊन जातो ते बहुतेक त्या चिठ्ठीतलेच असते. एका संग्रहालयात आमच्या शाळेची आठवीची मुले घेऊन गेलो असताना अशीच एक चिठ्ठी आम्ही वाचली. वर हाताच्या पंजात मावेल एवढी मातीची पणती आणि खाली लिहिलेले, ‘मातीचा दिवा. प्राचीन काळ. तापी खोरे.’ बस्स, एवढेच. तिथल्या माणसाला विचारले तेव्हा कळले की नांगरताना कोणाच्या तरी शेतात मिळाली, त्याने ती राखेने घासून स्वच्छ केली आणि आणून दिली.

आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ये किसके घर का था?” दुसरा लगेच म्हणाला, “अपना तो नहीं होगा, प्राचीन लिखा है ना!” आमची शाळा उर्दू माध्यमाची. ‘प्राचीन’ हा शब्द वाचला की ही वस्तू आपली नाही, असे आमच्या मुलांना आपोआप वाटते. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही, पण वाटते खरे. मग आम्ही ठरवले की या पणतीची चिठ्ठी वर्गात नव्याने लिहायची, आणि जे वस्तूवरून सिद्ध होते तेवढेच लिहायचे. दोन आठवडे तोच उद्योग चालला. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

पहिला शब्द ‘मातीचा’. पणती नदीकाठच्या गाळाची, भाजलेली. संग्रहालयाच्या परवानगीने ती उलटी करून पाहिली तेव्हा बुडावर बोटाच्या ठशासारख्या, एका बाजूला झुकलेल्या गोल रेषा दिसल्या. या रेषा म्हणजे कुंभाराची सही. तो चाकावर मातीचा मोठा गोळा चढवतो, त्याच्या शेंड्याला एक लहानशी बशी घडवतो आणि चाक फिरत असतानाच दोऱ्याने ती खालून कापून घेतो. मग उरलेल्या गोळ्यावर दुसरी, तिसरी. दोरा फिरत्या मातीतून ओढला जातो म्हणून त्या रेषा एका बाजूला झुकतात. बशी ओली असतानाच कडेला चिमटा घेतला की चोच तयार होते. नंदुरबारच्या बाजारातून आम्ही पाच नव्या पणत्या आणल्या, त्यांच्या बुडालाही तशाच रेषा होत्या. मुलांना गंमत वाटली. आम्हाला मात्र तिथेच चिंता वाटू लागली, त्याचे कारण पुढे येईल.

भाजलेल्या मातीत बारीक छिद्रे असतात आणि ती तेल पितात. दिवाळीच्या आधी बायाबापड्या नव्या पणत्या पाण्यात भिजत घालतात ते याचसाठी. छिद्रे पाण्याने भरली की तेल मुरत नाही. आम्ही एक पणती भिजवून आणि एक कोरडी ठेवून पाहिली. कोरडीच्या खाली ठेवलेला कागद रात्रीतून तेलकट झाला. याचा इतिहासाशी संबंध असा की जुन्या दिव्याच्या मातीत त्या काळच्या तेलाचे अंश शिल्लक राहू शकतात. प्रयोगशाळेत ते ओळखता येतात. एरंडेल तर त्यातल्या एका खास आम्लावरून पकडता येते. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कस्र इब्रीम या ठिकाणच्या दिव्यांची अशी तपासणी झालेली आहे. पण त्यासाठी दिवा जसा निघाला तसा हवा. आमच्या पणतीला राखेची घासणी लागली, त्यात वरचा थर गेला. शेतकऱ्याने चांगल्याच हेतूने केले, पण कोणी काही शोधून आणले तर ते धुवायचे नाही, घासायचे नाही आणि कुठे मिळाले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, हे मुलांच्या वहीत आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

दुसरा शब्द ‘दिवा’. तो तरी खरा कशावरून? जुन्या वस्त्यांत अशा लहान बशा ढिगाने निघतात. त्यांतल्या काही मडक्यांच्या झाकण्या असतात, काही चटणी-मिठाच्या वाट्या असतात. ओळखायचे ते काजळीवरून. दिव्याची काजळी एकाच जागी, चोचीवर असते, आत आणि बाहेरही, कारण ज्योत तिथेच टेकलेली असते. भांडे चुलीवर चढलेले असेल तर बूड काळे होते. काजळी कुठेच नसेल तर ती वस्तू न वापरलेला दिवा असेल किंवा दिवा नसेलही. आमच्या पणतीच्या चोचीच्या बाहेरच्या अंगाला राखेतून वाचलेला एक काळा ठिपका होता. तो मातीत भिनलेला होता, पुसून जात नव्हता. म्हणजे हा दिवा आहे आणि तो जळलेला आहे. चिठ्ठीतला हा एकच शब्द आम्ही पुराव्यानिशी कायम ठेवला.

दिवा एवढा उथळ का, हा प्रश्न एका मुलीने विचारला. खोल असता तर एकदा तेल घालून रात्रभर चालला असता. आम्ही वाटी घेऊन तसे करून पाहिले. सुरुवातीला ज्योत छान होती. तेल खाली गेले तशी ती लहान होत गेली आणि वाटीत निम्मे तेल शिल्लक असतानाच विझली. कापसाची वात तेल वर ओढते, पण फार उंच ओढू शकत नाही. उथळ बशीत तेलाची पातळी थोडीच खाली जाते, म्हणून ज्योत शेवटपर्यंत जवळपास सारखी राहते. चोच वातीला तेलातून वर उचलून धरते, नाही तर ती आत घसरून बुडते. या साध्या बशीत आणखी काही सुधारायला फारशी जागा नाही, आणि म्हणूनच तिचा आकार दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही.

आमची चिंता हीच होती. चिठ्ठीतला तिसरा शब्द ‘प्राचीन’. बाजारातली पणती आणि कपाटातली पणती यांचे बूड एकसारखे, चोच एकसारखी. मग आकारावरून काळ कसा सांगणार?

नाणे असते तर त्यावर राजाचे नाव असते. काही ठिकाणी दिवेसुद्धा बोलतात. जॉर्डनमधल्या जरश शहरात इसवी सनाच्या आठव्या शतकातले मातीचे दिवे सापडले आहेत. त्यांच्यावर अरबीत कुंभाराचे नाव आहे आणि काहींवर हिजरी सनही आहे. ते दिवे साच्यात घडवलेले, वरून बंद, त्यामुळे अक्षरे उमटवायला जागा होती. आपली चाकावरची उघडी बशी मुकी आहे. तिचा काळ तिच्या अंगावर नसतो, ती ज्या मातीच्या थरात पडली होती त्या थरात असतो.

थर म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्यातच समजून घेता येते. शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा आहे. गावाला नावच असे, की दिव्याचा विषय तिथून टाळता येत नाही. तिथल्या पांढरीच्या टेकाडात 1954-55 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी उत्खनन केले. त्या वेळी नंदुरबार जिल्हा नव्हता, हा सगळा भाग पश्चिम खानदेश होता. आपला जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. थापरांना एकावर एक चार कालखंड मिळाले. सर्वांत खाली तांब्या-दगडाची हत्यारे आणि रंगवलेली मडकी वापरणारे शेतकरी, साडेतीन हजार वर्षांहूनही जुने. मग मध्ये वस्ती नसलेला काळ, त्यावर लोखंड वापरणारे लोक, त्यावर सातवाहन आणि त्यांच्या आगेमागचा काळ, आणि सर्वांत वर साधारण अकराव्या शतकापर्यंतची वस्ती. घर पडते, माती पसरते, तिच्यावर नवे घर उभे राहते. तळाच्या घरातली वस्तू तळाशी राहते. दिवा कोणत्या थरात, कोणत्या मडक्यांच्या आणि नाण्यांच्या सोबत निघाला एवढे कळले तर त्याचा काळ कळला.

नांगराने नेमके हेच मोडते. फाळ वरखाली करतो, पूर माती वाहून आणतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीची बशी दोनशे वर्षांपूर्वीच्या खापराशेजारी येऊन बसते. भाजलेल्या मातीचा काळ काढायची एक वैज्ञानिक रीतही आहे. भाजल्यापासून मातीत साठत गेलेली ऊर्जा प्रयोगशाळेत तापवून प्रकाशाच्या रूपात बाहेर काढतात आणि मोजतात. पण त्या हिशेबाला वस्तूभोवतीची मातीही लागते, कारण ऊर्जेचा एक भाग तिच्यातून आलेला असतो. आमच्या पणतीच्या भोवतीची माती कोणत्या वावरात राहिली ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

म्हणून ‘प्राचीन काळ’ हे शब्द आम्ही खोडले. मुलांना वाटले की चिठ्ठी गरीब झाली. आमच्या मते ती मोकळी झाली, कारण आता घराचा प्रश्न नीट विचारता येत होता.

घराचा अंदाज करायला दोन रस्ते आहेत. पहिला तेलाचा. ‘मातीचा दिवा म्हणजे गरिबाचा दिवा’ असे पुस्तकांतही लिहिलेले आढळते. ते आम्हाला पटत नाही. मातीची बशी स्वस्त होती यात शंका नाही, पण दिवा जळतो तो तेलावर. आम्ही वर्गाची खिडकी लावून हिशेब केला. एका पणतीत 20 मिलिलिटर तिळाचे तेल आणि करंगळीपेक्षा बारीक वात घातली. तीन तास वीस मिनिटांनी ती विझली. म्हणजे तासाला 6 मिलिलिटर. रोज संध्याकाळी फक्त दोन तास एकच दिवा लावला तर 12 मिलिलिटर, आणि वर्षाला 4 लिटरच्या थोडे वर, वजनाने सुमारे 4 किलो. लाकडी घाण्यात 100 किलो तिळातून 35 ते 40 किलो तेल निघते. म्हणजे या एका दिव्याला वर्षाला 11 किलो तीळ हवेत. पावसावरच्या शेतीत, खताशिवाय, एकरी 100 किलो तीळ धरले तर सव्वाचार-साडेचार गुंठे जमीन फक्त एका दिव्यासाठी पेरावी लागेल. फोडणीचे आणि डोक्याला लावायचे तेल वेगळे. ज्याला हे परवडत नाही त्याच्या घरी चुलीच्या उजेडात जेवण होई आणि अंधार पडला की झोप. रोज दिवा लावणारे घर, मग तो मातीचा का असेना, अगदी कंगाल नव्हते.

उलट, श्रीमंताच्या घरातही मातीची पणती असणारच. पितळेचा दिवा फुटत नाही. तो पोचा आला की वितळवून नवा करतात, म्हणून तो मातीखाली सहसा जात नाही. मातीची पणती फुटली की उकिरड्यावर जाते आणि तिथे हजार वर्षे टिकते. उत्खननात मातीचेच दिवे जास्त मिळतात याचे एक कारण हे आहे. त्यावरून घराची ऐपत ठरवता येत नाही.

तेल कशाचे होते? तीळ, जवस, करडई, एरंड ही आपल्याकडची जुनी तेले. ‘तेल’ हा शब्दच तिळावरून आला आहे. सातपुड्याच्या बाजूला मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळंबीचे तेलही निघते. भुईमूग मात्र नाही. तो अमेरिका खंडातला आहे आणि पोर्तुगीज समुद्रमार्गाने आल्यानंतरच इकडे पोचला. दिवा सोळाव्या शतकाच्या आधीचा असेल तर त्यात भुईमुगाचे तेल असणे शक्य नाही.

आणि हे तेल घरोघर गाळत होते असेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्याजवळ आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा, म्हणजे तिसऱ्या शतकातला, एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक घराण्यातल्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम व्यवसायाच्या संघांकडे कायमची ठेवली, त्याची ही नोंद आहे. त्या संघांत ‘कुलरिक’ आहेत, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते कुंभार, आणि ‘तिलपिषक’ आहेत, म्हणजे तीळ गाळणारे तेली. लोक ज्यांच्याकडे विश्वासाने ठेव ठेवत आणि जे तिचे व्याज नियमाने देत, असे हे संघ होते. आपल्या पणतीची माती आणि तिचे तेल, दोन्ही पुरवणारी माणसे एकाच दगडावर नोंदलेली सापडावीत याचा आम्हाला फार आनंद झाला. पणती त्या काळातली असेल तर तिच्या मालकाला कुंभार आणि तेली दोघेही ओळखीचे होते, हे बिनधास्त म्हणता येते.

दुसरा रस्ता भिंतीचा. दिव्याची ज्योत जेमतेम एका मेणबत्तीएवढी. हातभर अंतरावर तांदूळ निवडता येतात, दोन हातांवर उजेड चौथाई होतो. म्हणून दिवा जमिनीवर ठेवत नाहीत, भिंतीतल्या लहान कोनाड्यात ठेवतात. तिथे वारा लागत नाही, आणि कोनाडा चुन्याने पांढरा केलेला असेल तर उजेड खोलीत परत फेकला जातो. मराठीत त्याला दिवळी असा खास शब्द आहे, आमच्या घरात ताक म्हणतात. कुरआन शरीफातल्या सूरह नूरमध्ये ‘मिश्कात’ हा शब्द आला आहे, त्याचा अर्थही हाच, दिवा ठेवायचा कोनाडा. आमची दादी सांगायची की वीज येण्याआधी त्यांच्या ताकात रॉकेलची चिमणी असायची, आणि तिच्याही आधी मातीचा चिराग असायचा. कुंभार एकच. त्याच्याकडून हिंदूंच्या घरी पणती जाई आणि आमच्या घरी चिराग, आवा मात्र एकच असे. मातीच्या भिंती पडल्या की दिवळ्याही जातात, म्हणून दिवा त्याच्या मूळ जागी सहसा सापडत नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. घर कोणाचे? पणती प्रकाशाच्या वरच्या दोन थरांच्या काळातली असेल तर घर सातवाहनकालीन शेतकऱ्याचे असेल, तेल्याचे असेल, बौद्ध उपासकाचे असेल, किंवा त्यांच्या नंतरच्या कोणाचे असेल. पण 1382 पासून 1601 पर्यंत खानदेशावर फारुकी सुलतान होते. त्यांचे पहिले ठाणे तापीकाठी थाळनेरला होते आणि तिथे त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. त्या काळातल्या तापीकाठच्या एखाद्या मोमीन विणकराच्या घरचाही हा दिवा असू शकतो. मागावर अंधार पडल्यावर सूत जोडायला उजेड लागतोच. पणतीवर यातले काहीही लिहिलेले नाही. ‘अपना तो नहीं होगा’ हे सिद्ध होत नाही, आणि ‘अपनाच था’ हेही सिद्ध होत नाही.

नेवाशाच्या उत्खननाचा वृत्तांत आम्ही मुलांना यासाठीच दाखवला. 1954 ते 56 मध्ये तिथे डॉ. ह. धी. सांकळियांनी जे खोदले त्याचा अहवाल 1960 मध्ये निघाला. त्याच्या लेखकांत झेड. डी. अन्सारी हे नाव आहे. पुढे इनामगावच्या अहवालातही ते आहे. नेवाशाच्या सर्वांत वरच्या थराला त्या अहवालात मुस्लिम-मराठा काळ असेच नाव दिलेले आहे. दोन्ही नावे एका थराला आहेत, कारण खापरांची तशी वाटणी करता येत नाही. मुलांनी अन्सारी हे नाव तीनदा वाचले.

शेवटी वर्गाने जी चिठ्ठी लिहिली ती अशी:

‘दिवा. नदीच्या गाळाच्या मातीचा, चाकावर घडवून दोऱ्याने कापलेला, चोच चिमटीने काढलेली, भाजलेला. चोचीबाहेर काजळी आहे, म्हणजे हा वापरलेला आहे. यात कापसाची वात आणि बहुधा तीळ, जवस, करडई, एरंड किंवा मोह यांपैकी एखादे तेल जळत असावे. तेलाचा अंश शिल्लक आहे की नाही हे तपासलेले नाही. दिवा सापडल्यावर घासला गेला आहे. तापी खोऱ्यातील शेतात नांगरताना मिळाला, थर आणि नेमकी जागा नोंदलेली नाही. असे दिवे या भागात सातवाहन काळापासून आजपर्यंत घडवले जातात, त्यामुळे या दिव्याचा काळ सांगता येत नाही. ज्या घरात तो होता त्या घराला रोज थोडे तेल परवडत होते. त्या घराचा धर्म आणि जात दिव्यावरून कळत नाही.’

शेवटच्या वाक्यावर वर्गात भांडण झाले. काही मुलांचे म्हणणे होते की ते काढावे, कारण जे कळत नाही ते चिठ्ठीत कशाला? ज्याने पहिला प्रश्न विचारला होता तो म्हणाला, “रहने दो सर. नहीं लिखेंगे तो लोग खुद ही समझ लेंगे.” मतदान घेतले. एकोणीस विरुद्ध चौदा मतांनी वाक्य राहिले, आणि चिठ्ठीची सुवाच्य प्रत आम्ही संग्रहालयाला टपालाने पाठवली.